दाबोळी का मोपा? (तिकिटावरची तीन अक्षरं न वाचल्याची गोष्ट)

माझी मावशी आणि काका गेल्या हिवाळ्यात पाच दिवस गोव्याला गेले होते. मुक्काम पाळोळ्याला, म्हणजे पार दक्षिणेला काणकोणात. तिकिटं मावसभावाने बंगळुरूहून काढून व्हॉट्सॲपवर पाठवली. परतीचं विमान दुपारी चार दहाचं. काका आयुष्यभर ट्रेनच्या एक तास आधी स्टेशनवर जाणारे, त्यामुळे साडेअकरालाच पाळोळे सोडलं. टॅक्सीवाल्याने विचारलं, "एअरपोर्ट ना?" काका म्हणाले, "हो." संभाषण संपलं.

पाळोळ्याच्या टॅक्सीवाल्याला एअरपोर्ट म्हणजे दाबोळी. त्याची चूक नाही, त्याच्या जवळचं तेच. वाटेत मडगावला जेवण झालं, काजू खरेदी झाली, आणि दोन वाजून पाच मिनिटांनी ही मंडळी दाबोळीच्या दारात उभी होती. दारावरच्या जवानाने मोबाइलवरचं तिकीट पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "अंकल, ये तो मोपा का है."

आता इथून हिशोब करा. दाबोळी वास्कोजवळ, मुरगाव तालुक्यात. मोपा पेडणे तालुक्यात, जवळजवळ महाराष्ट्राच्या हद्दीवर. मध्ये साधारण पासष्ट किलोमीटर रस्ता: झुआरीचा पूल, पणजी, मांडवीचा पूल, म्हापसा, मग पेडण्याकडे. रस्ता रिकामा असला तरी दीड तास धरायचा. चार दहाच्या विमानाचं काउंटर तासभर आधी, म्हणजे तीन दहाला बंद. हातात होती पासष्ट मिनिटं, लागणार होती नव्वद. म्हणजे दाबोळीच्या दारात उभं असतानाच विमान चुकलेलं होतं, फक्त ते मान्य करायला काकांना म्हापशापर्यंत वेळ लागला. तिथेच उतरून रात्रीची स्लीपर बस पकडली आणि सकाळी वाकडला उतरले. मावशी आठवडाभर काकांशी मोजकंच बोलत होती.

नंतर मी ते तिकीट मागवून घेतलं. वर ठळक अक्षरात "Goa". खाली बारीक अक्षरात "Manohar International". आणि या दोन्हींच्या मध्ये, तारखेच्या शेजारी, तीन अक्षरं: GOX.

खरी माहिती एवढीच होती. दाबोळीचा कोड GOI, मोपाचा GOX. मोपाहून विमानं सुरू झाली 5 जानेवारी 2023 ला, तोपर्यंत गोवा म्हणजे एकच विमानतळ होता. त्यामुळे आपल्या डोक्यात "गोव्याचं एअरपोर्ट" असा एकवचनी शब्द घट्ट बसलाय. "मनोहर" हे नाव वाचून किती जणांना मोपा आठवेल? माझ्या मते विमानतळांची अधिकृत नावं प्रवाशाच्या काही कामाची नसतात. नावं लांबलचक असतात, बदलतात, आणि थोर माणसाच्या नावावरून जागेचा पत्ता लागत नाही. शहराचं नाव तर त्याहून निरुपयोगी, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. कोड मात्र एका विमानतळाला एकच. आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना तो देते आणि एकदा दिला की सहसा बदलत नाही. बॉम्बेचं मुंबई होऊन तीस वर्षं झाली, कोड अजून BOM च आहे. आपला PNQ सुद्धा पूना असतानाचाच. (PUN का नाही, असं पुणेकराला वाटणारच. तो कोड काँगोतल्या पुनिया नावाच्या गावाकडे आहे. पुण्याच्या आधी कुणी रांगेत उभं राहिलं, हे पचवणं अवघड आहे, पण असो.)

इथे एक बारकावा आहे, तो कळला की बाकी सगळं सोपं होतं. ही तीन अक्षरं दोन प्रकारची असतात. एक विमानतळाची, दुसरी शहराची. पुण्यात विमानतळ एकच, म्हणून PNQ दोन्हीकडे चालतो. पण लंडनचा शहर कोड LON, आणि LON नावाचा विमानतळ अस्तित्वातच नाही. ती एक पिशवी आहे, तिच्यात LHR म्हणजे हीथ्रो, LGW म्हणजे गॅटविक, STN म्हणजे स्टॅनस्टेड आणि अजून दोन-तीन आहेत. टोकियोचा TYO, त्यात HND आणि NRT. न्यूयॉर्कचा NYC, त्यात JFK, LGA आणि नदीपलीकडे न्यू जर्सीतला EWR. तुम्ही सर्चमध्ये शहराचं नाव टाकता तेव्हा ॲप ही अख्खी पिशवी ओततं आणि भावाप्रमाणे रांग लावतं. सगळ्यात स्वस्त जोडी कोणती, एवढंच त्याला कळतं. जाताना एका विमानतळावर उतरून येताना दुसऱ्यावरून उडायचं, अशी जोडी स्वस्त पडली तर तीच वर येते. मावशी-काकांचं अगदी हेच झालं होतं: जाताना PNQ ते GOI, येताना GOX ते PNQ. जाताना दाबोळीला उतरले, म्हणून येताना दाबोळीलाच गेले. यात चूक शोधायची तर मी मावसभावाची शोधेन. त्याने सातशे रुपये वाचवले आणि फोनवर एक वाक्य सांगायचं विसरला.

परतीच्या तिकिटात हा गोंधळ विमान चुकण्यावर भागतो. मधे विमान बदलायचं असेल तर प्रकरण वाढतं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने पोर्तुगालचं तिकीट पाहिलं होतं. मुंबई ते लंडन, चार तास थांबून लंडन ते लिस्बन, आणि भाव बाकीच्यांपेक्षा बराच कमी. मला दाखवायला आणलं. पहिल्या ओळीत शेवटी LHR, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला LGW. वाचायची गोष्ट एवढीच: वरच्या ओळीचा शेवटचा कोड आणि खालच्या ओळीचा पहिला कोड जुळला पाहिजे. जुळत नसेल तर त्या चार तासांत काय काय बसवायचं ते बघा. इमिग्रेशनच्या रांगेतून ब्रिटनमध्ये प्रवेश घ्यायचा, पट्ट्यावरून बॅग उचलायची, साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटर बसने जायचं, तिथे पुन्हा बॅग जमा करायची, पुन्हा सुरक्षा तपासणी. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे व्हिसा. त्याच्याकडे होता शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा पर्यटक व्हिसा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं तर सहसा ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, भले तुम्ही फक्त बस पकडणार असाल. तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. स्वस्त तिकिटाचा सगळा फायदा तिथेच संपतो.

बॅगेचंही तेच. काउंटरवर चिकटवतात त्या पट्टीवर मोठ्या अक्षरात जो कोड छापलेला असतो, तिथपर्यंतच ती बॅग जाते. मी पट्टी चिकटवली की वाकून वाचतो. काउंटरवरच्या मुली हसतात. हसू देत.

आता हे सगळं पुण्यात बसून लिहायचं कारण म्हणजे आपल्या दाराशी येऊन ठेपलेली नवी मुंबई. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडायला लागली. कोड NMI. आपल्या पिढीने "मुंबई एअरपोर्ट" म्हणून जे पाठ केलंय ते BOM, म्हणजे सहार-सांताक्रूझ. पुणेकराला NMI सोयीचं आहे यात वाद नाही. एक्स्प्रेसवे कळंबोलीला संपला की उलवे हाकेच्या अंतरावर, वाशीचा पूल नको, सायन नको. पण त्याचमुळे निर्णय पनवेलच्या आधी घ्यावा लागतो. ड्रायव्हर सवयीने सरळ गेला आणि चेंबूरला तुम्हाला जाग आली, तर उलट्या बाजूच्या गर्दीतून परत यायचं. दोन विमानतळांमध्ये साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर आहेत आणि संध्याकाळी ते किती तासांचे होतील हे कुणीही छातीठोकपणे सांगू नये. वेगवेगळी तिकिटं काढून नागपूरहून NMI ला उतरायचं आणि तीन तासांनी BOM वरून परदेशी उडायचं, असा बेत कुणी करत असेल तर मी हात जोडतो. तिकिटं वेगळी असली की पहिलं विमान उशिरा आलं तरी दुसरी कंपनी थांबत नाही, आणि पैसेही देत नाही.

कोडची मर्यादाही सांगतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. कोड विमानतळ सांगतो, टर्मिनल नाही. मुंबईचं टी-वन आणि टी-टू दोन्ही BOM च. तिथे कोड बरोबर वाचूनही माणूस चुकीच्या दारात उभा राहू शकतो. तेव्हा BOM दिसलं की शेजारचा T1 किंवा T2 सुद्धा वाचायचा.

दुसरी गोष्ट अशी की कोड वाचायचा असतो, बोलायचा नसतो. टॅक्सीवाल्याला "जीओएक्स चलो" म्हटलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील. "मनोहर" म्हटलंत तरी तेच. त्याला गावाचं नाव सांगा. कोडवरून गाव काढायचं काम घरी बसून, तिकीट काढल्या दिवशी करायचं: GOX म्हणजे मोपा, GOI म्हणजे दाबोळी, NMI म्हणजे उलवे, पनवेल. मी तर आईबाबांचं तिकीट काढलं की पीडीएफ पाठवत नाही नुसती. खाली मराठीत लिहितो, "परत येताना मोपा. पेडण्याकडचं. हॉटेलातून तीन तास." आणि टॅक्सी ठरवतानाच त्या गावाचं नाव घेऊन भाडं विचारायला सांगतो. भाडं अंतरावर असतं, त्यामुळे चूक असेल तर ती तिथेच उघडी पडते. पाळोळ्याहून मोपाचं भाडं दाबोळीइतकंच सांगितलं, तर कुणाचा तरी घोळ झालाय हे नक्की.

(आणि विमान चुकलंच तर तिकीट गेलं म्हणून सगळंच सोडून देऊ नका. मूळ भाडं बहुतेक बुडतं, पण त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं. काकांना काही शे रुपये मिळाले. ते त्यांनी मावशीला काजूला दिले.)

पुरंदरचं नवं एअरपोर्ट झालं आणि लोहगावचं जुनंही चालू राहिलं, तर हा खेळ पुण्यातच सुरू होईल. तेव्हा हडपसरच्या सिग्नलला रिक्षावाला विचारेल, "कुठलं?"

परवा काकांचा मेसेज आला. भाचीच्या लग्नाला दिल्लीला जायचंय. तिकिटाचा फोटो, त्यावर लाल पेनाने DEL भोवती गोल, आणि खाली प्रश्न: "हे पालमचं ना? तिकडे गाझियाबादला हिंडन म्हणून पण एक आहे म्हणे, HDO."

मी लिहिलं, "हो काका, पालम."

दोन मिनिटांनी उत्तर आलं, "टर्मिनल?"