"निदान कचरा तरी गेला"

आज पहाटे खिडकी उघडली आणि तशीच लावून घेतली. कोपऱ्यावर पुन्हा ढीग पेटवलेला. पाला, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, वायरचे तुकडे आणि या सगळ्यावर कुणाच्या तरी घरचं ओलं खरकटं. ज्वाळा जवळपास नव्हतीच. पिवळट धूर जमिनीलगत रेंगाळत होता. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली तर एका सद्गृहस्थांचं उत्तर आलं, "निदान कचरा तरी गेला."

आमचे मामा अगदी हेच म्हणायचे. वाड्यात मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. पावसाळ्यात लाकडं पेट घेत नसत, मग मामा खालून फाटकी स्लिपर, रेक्झिनचा तुकडा, नाहीतर पिशव्यांचा बोळा सरकवायचे. "पेटलं की गेलं रे!" मी तेव्हा नुकताच साखर कारखान्यात बॉयलरवर लागलो होतो, अंगात नवी विद्या सळसळत होती. म्हटलं, मामा, गेलं नाही, फक्त दिसेनासं झालं. मामा हसले आणि पाणी काढून आंघोळीला गेले.

आता ग्रुपवरच्या सद्गृहस्थांसाठी जरा नीट सांगतो.

या धुरात डायॉक्सिन नावाचं विष असतं. ते कुणी कचऱ्यात टाकत नाही, ते जळताना तयार होतं. त्याला जळकट कार्बन लागतो, क्लोरीन लागतं आणि तांब्यासारखा धातू असला की काम आणखी सोपं होतं. क्लोरीन येतं पीव्हीसीतून, म्हणजे वायरचं आवरण, पाइप, रेक्झिन. वायरीत तांबंही आयतंच मिळतं. कुणी म्हणेल, दुधाच्या पिशवीत क्लोरीन नसतं. बरोबर आहे, नसतं. पण पिशवी एकटी कुठे जळते? आमटीच्या खरकट्यात मीठ असतं, आणि मिठात क्लोरीन असतं.

यातली खरी मेख तापमानात आहे. साधारण 200 ते 450 अंश सेल्सिअस या पट्ट्यात काजळीच्या कणांवर हे विष जुळून येतं. ढीग नेमका तिथेच घोटाळत राहतो. मध्ये निखारा, कडेला ओलं, आत हवा जात नाही, धूर निवांतपणे थंड होत वर चढतो. डायॉक्सिन बनवायची भट्टी मुद्दाम बांधायची म्हटली, तर ती याहून फार वेगळी नसती. आणि "आज वास कमी आहे" असं कृपा करून सांगू नका. नाकाला झोंबतात ते दुसरे वायू. डायॉक्सिन नाकाला कळत नाही.

मामांच्या बंबातही हेच चाललेलं. वर पाण्याचं भांडं, त्यामुळे मधल्या नळीतून जाणारा धूर गारठलेला, नळीत काजळीचा थर. ती काजळी आणि राख मामी परसात अळूच्या वाफ्यात टाकायची, मूठभर भांडी घासायला ठेवायची. कोंबड्या दिवसभर तिथेच उकरत असायच्या.

हे आठवलं की आज माझ्या पोटात गोळा येतो. कारण डायॉक्सिन आपल्या शरीरात श्वासातून कमी आणि ताटातून जास्त येतं. ते चरबीत मुरतं. धूर गवतावर बसतो, गवत गाय खाते आणि ते दुधात उतरतं. एकदा शरीरात शिरलं की त्यातलं निम्मं बाहेर पडायला सात ते अकरा वर्षं लागतात. इंडोनेशियात पूर्व जावातल्या ट्रोपोडो गावात टोफूचे कारखाने इंधन म्हणून प्लास्टिक जाळायचे. 2019 साली तिथल्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासली, तर त्यांत भयंकर प्रमाणात डायॉक्सिन निघालं. त्या वर्षी ते जगभर गाजलं. मला मात्र ते वाचताना आमचं परस दिसत होतं.

आता दुसरा शहाणपणा. "मग पालिका आणि हॉस्पिटलवाले इन्सिनरेटरमध्ये जाळतात ते चालतं का?" हो, चालतं, नीट चालवलं तर. कारण तिथे भट्टी हा छोटा भाग असतो. उरलेली सगळी यंत्रणा धुरामागे लागलेली असते.

हॉस्पिटलच्या कचऱ्याचंच घ्या. आपल्याकडचे 2016 चे नियम सांगतात की पहिल्या कक्षात किमान 800 अंश हवेत. तिथून निघालेला धूर दुसऱ्या कक्षात जातो. तिथे 1050 अंशांच्या आसपास, भरपूर हवेत, तो किमान दोन सेकंद राहिला पाहिजे. दोन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण एवढ्या उष्णतेत डायॉक्सिनचा रेणू तुटतो. मात्र धूर पुन्हा हळूहळू थंड झाला तर 450 च्या खाली आल्यावर तो नव्याने जुळतो, म्हणून पाण्याचा मारा करून तो घातक पट्टा झटक्यात ओलांडायचा. मग चुना आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनची पूड सोडायची, कापडी पिशव्यांच्या फिल्टरमधून धूर गाळायचा आणि मगच तो चिमणीत. मर्यादा आहे घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. फिल्टरमध्ये अडकलेली राखसुद्धा घातक कचरा म्हणून वेगळ्या, बंदिस्त जागी पुरायची. भांडी घासायला नाही.

आणि एवढं सगळं असूनही सलाईनच्या नळ्यांसारखं प्लास्टिक तिथे जाळायचं नसतं! ते लाल पिशवीतून जातं, वाफेने निर्जंतुक होतं आणि मग त्याचे तुकडे होतात. हजार अंशांच्या भट्टीला क्लोरीनवालं प्लास्टिक नको असतं, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या पाल्याच्या ढिगाला चालतं.

बरं, मान्य करतो, कागदावरच्या सगळ्याच भट्ट्या अशा चालत नाहीत. डिझेल वाचवायला थंड भट्टीतच कचरा लोटतात, तापमानाची नोंद घरी बसून भरतात. डायॉक्सिनची तपासणी महाग असते, नियमाप्रमाणेही ती वर्षातून एकदाच होते. चिमणीतून काळा धूर निघताना दिसला तर ती उंचावरची शेकोटी समजा. शौचालयात भिंतीला लावलेल्या पॅड जाळायच्या डब्यांबद्दलही माझं हेच मत आहे. त्यांत दुसरा कक्ष कुठे आहे दाखवा.

पण म्हणून ढीग आणि भट्टी सारखीच, असं मला कुणी सांगू नये. अमेरिकेत परसातल्या पिंपात कचरा जाळून मोजमाप केलं होतं. दोन ते चाळीस घरांच्या पिंपांतून रोज जेवढं डायॉक्सिन निघू शकतं, तेवढं रोज दोनशे टन कचरा जाळणाऱ्या चांगल्या आधुनिक भट्टीतून निघतं. आमच्या गल्लीत चाळीसहून जास्त घरं आहेत, सद्गृहस्थ!

राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 ला उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. साध्या प्रकरणात 5,000 रुपये दंड, मोठ्या ढिगाला 25,000. सकाळी रागाच्या भरात हेच सांगायला चप्पल घालून खाली गेलो.

खाली झाडू घेऊन एक मावशी उभ्या होत्या, पदराने तोंड झाकून. म्हणाल्या, "दादा, गाडी तीन दिवस आली नाही. मुकादम म्हणतो सात वाजता रस्ता साफ दिसला पाहिजे. कुठे नेऊ?" धूर सगळ्यात जास्त त्याच खात होत्या. दंडाचं काही तोंडातून निघालं नाही. मामांच्या गावात तरी कचऱ्याची गाडी कुठे होती? स्लिपर टाकायची तर ओढ्यात, नाहीतर बंबात.

मावशींसोबत ढीग विझवला. ओल्यातून वायरी आणि प्लास्टिक काठीने वेगळं काढलं. दोन पोती भरली, ती आता आमच्या जिन्याखाली आहेत आणि बायको माझ्याशी बोलत नाहीये. प्रभागात सुकं प्लास्टिक नियमित उचलणारं कुणी असेल तर दिवस आणि वेळ खाली लिहा. पाला पार्किंगमागच्या खड्ड्यात कुजवायचा विषय मी रविवारच्या मीटिंगमध्ये काढणार आहे, आणि सद्गृहस्थ, तुम्ही कमिटीवर आहात, या म्हणजे झालं.