एक वजा चिन्ह आणि मेहुण्याचा फोटो

आमच्या मेहुण्याला पॉइंट्स टेबलची लिंक पाठवता येत नाही असं नाही, पण तो पाठवत नाही. टीव्हीसमोर उभा राहून फोटो काढतो, तोही तिरका, पडद्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आणि त्या पट्ट्यात नेमका नेट रन रेटचा कॉलम. खाली मेसेज: "दाजी, आपलं सांगा काय ते."

आपलं म्हणजे आमच्या लाडक्या टीमचं. वीस षटकांची लीग, आठ टीम, प्रत्येकीच्या सात मॅच, पहिल्या चार पुढे. झूम करून करून एवढं कळलं की चौथ्या नंबरवाले सातही मॅच खेळून ८ गुणांवर बसलेत आणि त्यांचा रन रेट -०.११२ आहे. आम्ही सहाव्या नंबरवर, ६ गुण, एक मॅच बाकी, आणि रन रेट ०.२९७.

"मग काय, नुसतं जिंकायचं!" मेहुणा फोनवर नाचतच होता.

मला मात्र पाचव्या नंबरची टीम खुपत होती. त्यांचेही ६ गुण, सगळ्या मॅच झालेल्या, रन रेट ०.०८७. गुण सारखे असतील तर रन रेट जास्त असलेला वर, मग आमचा ०.२९७ असून आम्ही त्यांच्या खाली काय करतोय? म्हणजे आमच्या आकड्यापुढे काहीतरी होतं आणि ते ट्यूबलाइटने गिळलं होतं.

रन रेट म्हणजे आपण षटकामागे केलेल्या धावा वजा समोरच्यांनी षटकामागे केलेल्या, आणि नशिबाने फोटोच्या कडेला ते दोन कॉलम अर्धवट का होईना आले होते. आम्ही केलेल्या धावा ९००, १२० षटकांत. आम्हाला ठोकलेल्या ९२४, ११८.३ षटकांत. त्यांनी जास्त धावा केल्या आणि तेही कमी षटकांत, मग आमचा रेट अधिक कसा असेल हो? वजाच. मेहुणा म्हणाला, "पण १२० कसे, आपण एकदा सोळा षटकांतच गारद झालो होतो की!" तेच तर. ऑलआउट झालात की पूर्ण वीस षटकं धरतात, म्हणजे आधी अब्रू जाते आणि मग चार षटकंही जातात. आणि ११८.३ म्हणजे तीन चेंडू, अर्धं षटक, भागताना ११८.५ घ्यायचं. मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर सरळ ११८.३ मारलं, आलं -०.३११, आणि फोटोतला आकडाच चुकलाय म्हणून दहा मिनिटं टीव्हीवाल्यांना शिव्या घातल्या. ते बिचारे बरोबर होते.

मग वहीत मांडलं. जिंकलो तरी चौथ्या नंबरवाल्यांइतकेच ८ गुण, म्हणजे रन रेटही त्यांच्या -०.११२ च्या वर न्यायचा. पहिली बॅटिंग करून १६० केल्या तर समोरच्यांना १४० वर रोखायचं, एकही जास्त नको. पण मॅचच्या दिवशी टॉस हरलो, समोरच्यांनी १५० केल्या आणि सगळं गणित पुन्हा. १५१ गाठायच्या असतील तर १७.३ षटकांत, म्हणजे पंधरा चेंडू राखून. तेवढंच मेहुण्याला सांगितलं असतं तर तो शांत बसला असता. पण यात एक गंमत असते: शेवटचा फटका चौकार किंवा षटकार असेल तर धावा १५१ च्या पुढे जातात आणि वेळही वाढून मिळतो. धावसंख्या बरोबरीत असताना षटकार बसला, म्हणजे १५६, तर अगदी १८ वं षटक पूर्ण होईपर्यंत चालतं. २०२३ च्या आशिया कपमध्ये अफगाणिस्तानचं हेच झालं, श्रीलंकेविरुद्ध ३७.१ षटकांत २९२ करायच्या होत्या, तिथे २८९ वर अडले, पण ३७.४ पर्यंत २९५ केल्या असत्या तरी पुढे गेले असते आणि ते मैदानात कुणाला माहीतच नव्हतं.

आता आमची मॅच. १७.३ षटकं झाली, धावा १५०. बरोबरी! मेहुण्याने रिमोट ठेवला, "संपलं दाजी." मी वही घेऊन उठलोच, अरे संपलं नाही, चौकार मारा, षटकार मारा, तीन चेंडू घाला वाटेल तर पण एकेरी धाव घेऊ नका! सोफ्यावरून मी एवढा ओरडलो की बायको आतून बाहेर आली.

१७.४ ला आमच्या बॅट्समनने चेंडू अलगद पॉइंटला ढकलला, एक धाव घेतली, बॅट उंचावली आणि नॉनस्ट्रायकरला मिठी मारली. मॅच जिंकली. रन रेट -०.१२०.

रात्री अकरा वाजता मेहुण्याचा फोटो आला, फायनल टेबल. या वेळी ट्यूबलाइट बंद करून काढला होता, रन रेटचा कॉलम स्वच्छ, वजा चिन्हं एकूण एक दिसत होती. फक्त टीमच्या नावांचा कॉलम कापला गेला होता.

"दाजी, यात आपण कुठले?"