अ‍ॅप गप्प बसलं म्हणून चाल निनावी होत नाही

«गाडी आईस्क्रीमची असो, कचऱ्याची असो की भाजीची, भोंग्यावरची धून दहा सेकंद अ‍ॅपला ऐकवा, नाव येतंच. नाही आलं तर समजा त्या धुनेला नावच नाही, चिप बनवणाऱ्याने चार सूर कसेही भरलेत. आणि जे नाव येतं तेच मूळ गाणं, पुढे शोधायची गरज नाही.»

पहिलं वाक्य अर्धंमुर्धं खरं आहे, म्हणून तर हा मजकूर इतका फिरतो. भाजीवाल्याने मेमरी कार्डावरून एखादं गाणं जसंच्या तसं लावलं असेल आणि वर त्याची आरोळी नसेल, तर अ‍ॅप नाव सांगतं. कारण गाणी ओळखणारी ही अ‍ॅप्स चाल ओळखत नाहीत, रेकॉर्डिंग ओळखतात. त्यांतली शाझाम ही सेवा २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली, तेव्हा २५८० हा नंबर फिरवून फोन भोंग्यासमोर धरावा लागे. आत जे चालतं ते थोडक्यात असं: आवाजातले सगळ्यात ठळक बिंदू, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंप्रता जोरात होती, एवढेच टिपले जातात, त्यांच्या जोड्या लावल्या जातात आणि त्या जोड्या साठवलेल्या लाखो रेकॉर्डिंगांशी ताडून पाहिल्या जातात. तेच गाणं त्याच गायकाने मैफलीत पुन्हा गायलं तरी हे बिंदू बदलतात. मग आईस्क्रीमच्या गाडीवरची एकसुरी पीं-पीं कुठल्या रेकॉर्डिंगशी जुळणार? ती मुळात रेकॉर्डिंगच नाही. चिप ते सूर त्या क्षणी तयार करत असते.

म्हणून आधी कान देऊन ठरवायचं की वाजतंय ते रेकॉर्डिंग आहे की चिप. प्रत्येक सूर सारख्याच जोराचा, खाली ताल नाही, साथ नाही, श्वास नाही आणि शेवटचा सूर पुरता विरायच्या आत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असं असेल तर ती चिप समजावी. अशा वेळी अ‍ॅपकडून उत्तराची आशा धरू नये.

आता «चार सूर कसेही भरलेत» या म्हणण्याकडे येऊ. सूर कसेही भरलेले नसतात, याचा पुरावा चिपवरच छापलेला असतो. दाराच्या घंटा आणि वाजणारी शुभेच्छापत्रं यांत वर्षानुवर्षं वापरलेली `UM66T` ही तीन पायांची चिप घ्या. दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखी, आत साठेक सुरांची जागा. नावापुढचा आकडा म्हणजे कोणती चाल: `UM66T-19L` म्हणजे बीथोव्हेनची ‘फ्यूर एलिझ’, `UM66T-08L` म्हणजे वाढदिवसाचं गाणं. `UM66T-01L` मध्ये तर नाताळची तीन गाणी एकामागोमाग एक बसवलेली आहेत, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या दहा सेकंदांत एकाचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं येऊ शकतं. असा तुकडा कशाशीच जुळत नाही आणि मग माणूस म्हणतो, हिला नावच नाही.

चिपवरची चाल ओळखायची तर सूर मोजावे लागतात. ‘फ्यूर एलिझ’चंच उदाहरण घेऊ. पियानोवर डाव्या हाताची साथ असते, चिपमध्ये ती गळून पडते आणि उरते एक रेघ. आपल्या सरगमीत तिची सुरुवात अशी: प, तीव्र म, प, तीव्र म, प, रे, शुद्ध म, कोमल ग, सा. पंचमावरून तीव्र मध्यमावर दोनदा खाली-वर, आणि लगेच पुढे शुद्ध मध्यम. दोन्ही मध्यम इतके जवळजवळ ठेवणारी सुरुवात भोंग्यांवरच्या चालींत सहसा सापडत नाही, त्यामुळे पेटीवर एकदा वाजवून पाहिली की खात्री पटते.

पेटी येत नसेल तरी अडत नाही. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ मध्ये चालींचा एक कोशच काढला. त्यात सुरांची नावं नाहीतच, प्रत्येक सूर आधीच्या सुरापेक्षा चढला, उतरला की तिथेच राहिला एवढंच लिहिलेलं आहे. चढला तर `U`, उतरला तर `D`, तोच राहिला तर `R`, आणि पहिल्या सुराच्या जागी फुली. वरची ओळ या पद्धतीने अशी होते:

```
*DUDUDUDD
```

म्युझिपीडियासारख्या संकेतस्थळावर ही ओळ टाकून शोधता येतं. गाडी जवळ येताना सूर किंचित चढा आणि लांब जाताना उतरता लागतो, पण त्याने इथे काही बिघडत नाही. ताशी २० किलोमीटर वेगाच्या गाडीत हा फरक अर्ध्या स्वराच्या साधारण निम्मा भरतो, आणि सगळेच सूर एकत्र सरकत असल्याने चढउतार तसेच राहतात. बॅटरी उतरली की चिपचा वेग आणि सूर दोन्ही खाली येतात. रेकॉर्डिंग जुळवणाऱ्या अ‍ॅपला हे मानवत नाही, चढउतारांना मात्र काही फरक पडत नाही.

अडचण येते ती सुरुवात हुकली तर. याच चालीत पुढे खालून वर जाणारे चार-चार सुरांचे दोन झुपके आहेत. त्यांची नोंद `DUUU` `DUUU` अशी होते, आणि असे झुपके असंख्य चालींत मिळतील. तेवढ्यावर नाव ठोकून देणं म्हणजे शुद्ध अंदाजपंचे. गाडी थांबलेली असताना दोन फेऱ्या पूर्ण टिपाव्यात, मधला थांबा शोधावा आणि थांब्यानंतरचे आठ-दहा सूर घ्यावेत. थांबाच नसेल तर टिपलेल्या सगळ्या सुरांची ओळ लिहून ती वेगवेगळ्या जागांपासून शोधून पाहावी. हे कंटाळवाणं आहे, पण होतं. २०२० पासून गूगलवर गुणगुणूनही शोधता येतं. तिथे रेकॉर्डिंग नव्हे, चाल जुळवली जाते, त्यामुळे गाडीचा आवाज ऐकवण्यापेक्षा तीच चाल स्वतः गुणगुणली तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

शिवाय गाड्यांवरच्या नेहमीच्या चाली फार थोड्या आहेत. तैवानमध्ये कचरागाड्यांवर ‘फ्यूर एलिझ’ किंवा तेक्ला बाँदाझेव्स्काची ‘मेडन्स प्रेअर’ वाजते. अमेरिकेतल्या आईस्क्रीमगाड्यांवर ‘टर्की इन द स्ट्रॉ’ आणि स्कॉट जॉप्लिनची १९०२ ची ‘द एंटरटेनर’ ऐकू येतात. आधी अशा ठरलेल्या चाली ताडून पाहाव्यात, बराच वेळ वाचतो.

राहिला मूळ गाण्याचा दावा. `UM66T-11L` या चिपच्या माहितीपत्रकात नाव आहे ‘लव्ह मी टेंडर’. एल्विस प्रेस्लीचं हे गाणं १९५६ चं, पण त्याची चाल ‘ऑरा ली’ या १८६१ च्या गाण्याची, जॉर्ज पूल्टनने बांधलेली. चिपमध्ये शब्द नसतात, म्हणजे वाजते ती फक्त १८६१ ची चाल, आणि कागदावर नाव मात्र जवळजवळ शंभर वर्षांनंतरच्या गाण्याचं. ‘टर्की इन द स्ट्रॉ’चंही तेच: ही चाल १८३० च्या दशकात ‘झिप कून’ या, कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या गाण्यासाठी वापरली गेली होती. त्या इतिहासामुळेच २०२० मध्ये गुड ह्यूमर या आईस्क्रीम कंपनीने रॅपर रिझाकडून गाड्यांसाठी नवी धून करून घेतली. नुसतं नाव कळून तिथेच थांबणाऱ्याला यातलं काहीच हाती लागत नाही.

तेव्हा नोंद करताना दोन रकाने ठेवावेत. एकात चिपवरचं किंवा अ‍ॅपने दिलेलं नाव, दुसऱ्यात चालीचं सगळ्यात जुनं ज्ञात नाव आणि साल. `UM66T-11L` साठी पहिल्यात ‘लव्ह मी टेंडर’, दुसऱ्यात ‘ऑरा ली, १८६१’.