उरलेल्या तासांचे पैसे कमी का आले: जळगावच्या ऑनलाइन शिकवणीकडून एका रिव्ह्यूला उत्तर

रिव्ह्यू (एक तारा): "मुलीच्या दहावीच्या गणितासाठी महिन्याचं 16 तासांचं पॅकेज घेतलं, 5,600 रुपये भरले. 6 तास झाले आणि बंद केलं. 10 तास उरले, म्हणजे 350 च्या हिशोबाने 3,500 परत यायला हवे होते. यांनी 2,450 चा आकडा सांगितला आणि तेही आठवडा झाला तरी खात्यात नाहीत. न शिकवलेल्या तासांचे पैसे खातात. सावध राहा."

मालकांचं उत्तर:

ताई, नमस्कार. तुमचं किंवा मुलीचं नाव इथे घेत नाही, पण हिशोब उघड मांडते, कारण हा रिव्ह्यू वाचून आणखी दोन पालकांनी हाच प्रश्न विचारला आहे. फोनवर तुम्ही अहिराणीत विचारलं होतं, "जो तास व्हयना नही त्याना पैसा कसाले?" प्रश्न रास्तच आहे. उरलेल्या तासांतून आम्ही काहीच कापत नाही. फरक पडतो तो झालेल्या तासांचा दर बदलल्यामुळे आणि उशिरा रद्द केलेल्या एका तासामुळे.

आमच्याकडे तीन दर आहेत, तिन्हींत जीएसटी धरलेला. सुटा तास 450 रुपये. 8 तासांचं पॅकेज 3,200, म्हणजे तासाला 400. 16 तासांचं 5,600, म्हणजे तासाला 350. हा 350 चा दर 16 तास घेणाऱ्याचा आहे. संध्याकाळी 6 ते 9 याच वेळेला मुलं मोकळी असतात आणि आमचं सगळं गणित त्या तीन तासांवर चालतं. तुमच्या मुलीची 7 ची वेळ आम्ही महिनाभर राखून ठेवली, त्या वेळेला दुसऱ्या मुलाला नाही म्हटलं. त्या वेळेचे 16 तास भरतील या भरवशावर तासाला 100 रुपये कमी लावले होते. पॅकेज मध्येच थांबलं की जेवढे तास घेतले, तेवढेच घेणाऱ्याला जो दर पडला असता तो लावतो आणि भरलेल्या रकमेतून वजा करतो. बाजारात किलोचा भाव ठरवून पाव किलोच उचललं तर भाव पाव किलोचा लागतो, तसंच हे.

तुमच्या बाबतीत आमच्या नोंदीत 6 नाही, 7 तास आहेत. सातव्याकडे नंतर येते. 7 तास 450 ने 3,150. 5,600 मधून 3,150 गेले, उरले 2,450. तुमच्या 3,500 आणि आमच्या 2,450 मध्ये 1,050 चा फरक आहे. त्यातले 600 रुपये शिकवलेल्या 6 तासांना 350 ऐवजी 450 लावल्याचे आणि 450 रुपये त्या सातव्या तासाचे.

आता ज्यांना अशी पद्धत फसवी वाटते त्यांच्यासाठी. ती फसवी असू शकते, हे मी मालक असूनही सांगते. कुठल्याही शिकवणीत सुट्या तासाचा दर फक्त परताव्याच्या वेळी वापरायला कागदावर फुगवून लिहिलेला असू शकतो. ओळखायचं कसं? पैसे भरण्याआधी विचारा, "मला एकच तास हवा आहे, कितीला द्याल?" तोच दर परताव्यात लावत असतील तर ठीक. एकच तास विकतच नसतील, तर तो दर निव्वळ कापण्यासाठी आहे असं समजा. आमच्याकडे सराव परीक्षेच्या आधी कितीतरी मुलं एखाद्या प्रकरणापुरते सुटे तास 450 ने घेतात. या वर्षी वर्गसमीकरणासाठी सर्वांत जास्त घेतले गेले.

दुसरी खूण अशी की शिकवलेल्या तासांची किंमत पॅकेजपेक्षा वर जाते का ते बघायचं. समजा कोणी 13 तास घेऊन थांबलं. सरसकट 450 लावले तर 5,850 होतात, म्हणजे पालकच शिकवणीला 250 रुपये देणं लागतात. हा शुद्ध मूर्खपणा. म्हणून 8 तास पूर्ण झाले की आम्ही पुढच्या टप्प्याचा, म्हणजे 400 चा दर लावतो. 13 तासांचे 5,200, परत 400. मात्र 14 तास झाले की 400 ने 5,600 पुरे होतात आणि परत द्यायला काही उरत नाही, दोन तास शिल्लक असले तरी. ही या पद्धतीची मर्यादा आहे आणि पॅकेज देतानाच्या मेसेजमध्ये आम्ही ती लिहितो. चौदाव्या तासानंतर कोणी थांबायचं म्हणालं तर आमचा एकच सल्ला असतो: पैसे मागू नका, उरलेले दोन तास घेऊन टाका.

याच हिशोबात पालकांच्या फायद्याची एक गंमत आहे. 7 तासांचे 3,150 आणि 8 तासांचे 3,200. म्हणजे सातव्यावर थांबणाऱ्याला आठवा तास 50 रुपयांत पडतो. हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, एक तास घेऊन त्रिकोणमिती सुरू करून देतो म्हणून. तुम्ही नको म्हणालात, तो तुमचा अधिकार.

आता सातवा तास. तो रविवारी संध्याकाळी 7 चा होता, कानबाईच्या दिवशी. तुमच्याकडे पाहुणे, रोट, रात्रीचं जागरण, हे सगळं आम्हालाही ठाऊक आहे, आमच्याही घरी कानबाई बसते. पण तास होणार नाही हा मेसेज 6 वाजून 20 मिनिटांनी आला. नियम 4 तास आधी कळवण्याचा आहे, कारण तेवढा वेळ असला तर ती जागा सुटा तास मागणाऱ्या दुसऱ्या मुलाला देता येते. 40 मिनिटांत ती कोणाला देणार? सर लिंक उघडून बसलेले होते, त्यांचं मानधन आम्ही दिलं. लाईट गेली किंवा नेट बंद पडलं तर तास धरत नाही, ते आपल्याकडे कोणाच्या हातात नसतं. शिवाय महिन्यातून एकदा उशिरा कळवलं तरी माफ असतं. तुमची ती एक संधी आधीच्या बुधवारी वापरली गेली होती, नोंदीत ती शून्य तास म्हणूनच आहे. सणाची तारीख महिनाभर आधी माहीत असते ताई. गणपतीसाठी, अक्षय तृतीयेसाठी पालक आम्हाला आदल्या आठवड्यात सांगतात आणि तास आरामात पुढे जातो. हा एक तास सोडला असता तर परतावा 2,900 झाला असता, हे खरं आहे. तो न सोडण्याचा निर्णय माझा आहे आणि मी त्यावर ठाम आहे, कारण तसा सोडला तर भार सरांवर पडतो.

"प्रमाणात परतावा हा नियमच आहे" असं एका पालकांनी मला लिहून पाठवलं आहे. त्यांचा रोख केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या कोचिंगबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे आहे. मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी प्रमाणात, 10 दिवसांत परत करावी असं त्यात आहे. ती 50 पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लाससाठी आहेत. आमचा पट त्याहून लहान आहे, तरी 10 दिवसांची मुदत आम्ही पाळतो. वर्षाची किंवा महिन्याची एकरकमी फी असेल तर प्रमाणात वाटणी हाच सरळ न्याय आहे, माझंही तेच मत. तासावर दर असलेल्या, टप्प्याटप्प्याने स्वस्त होणाऱ्या पॅकेजला तीच वाटणी लावली, तर कोणीही 16 तासांचा दर लावून 4 तास घेऊन जाईल आणि मग 350 चा दर कोणालाच देता येणार नाही.

आता पैसे कुठे आहेत ते. तुम्ही थांबायचं लिहून पाठवलंत त्याच दिवशी संध्याकाळी परतावा पाठवला आहे. परतावा नेहमी ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात जातो. ज्या पेमेंट गेटवेतून आम्ही ऑनलाइन पैसे घेतो त्यात दुसरं खातं टाकायची सोय आम्हाला नसते, आणि नसलेलीच बरी, नाहीतर कोणीही दुसऱ्याच्या पैशाचा परतावा आपल्या खात्यात मागेल. तुमचे 5,600 ज्या यूपीआय आयडीवरून आले तो तुमचा नाही. फोनवर तुम्हीच म्हणाला होता की त्या दिवशी भावाने भरले. तेव्हा भावाच्या खात्याचं स्टेटमेंट बघायला सांगा. एसएमएस दर वेळी येतोच असं नाही, त्यामुळे मेसेज शोधू नका. आम्ही तुम्हाला व्हॉट्सॲपवर 12 आकडी व्यवहार क्रमांक पाठवला आहे, तो स्टेटमेंटमध्ये शोधा. कामकाजाच्या 7 दिवसांनंतरही तो दिसला नाही, तर तोच क्रमांक भावाच्या बँकेत द्या, त्यावरून त्यांना लगेच सापडतं. नुसतं "शिकवणीचे पैसे आले नाहीत" म्हटलं तर काउंटरवरचा माणूस काही करू शकत नाही. बँकेने लेखी सांगितलं की आलेच नाहीत, तर आम्ही गेटवेकडे तक्रार लावतो.

2,450 मध्ये त्या रकमेवरचा जीएसटी, साधारण 374 रुपये, धरलेला आहे. त्याची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागदही तुम्हाला ईमेलने गेला आहे. कर सरकारकडे गेला म्हणून परत मिळत नाही असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. क्रेडिट नोट काढली की शिकवणीला तो कर आपल्या हिशोबात वळता करून घेता येतो.

एक राहिलं. तुमच्या भावाच्या यूपीआयवर दर महिन्याच्या 1 तारखेचं ऑटोपे लागलेलं होतं. परतावा पाठवताना आम्ही ते आमच्या बाजूने बंद केलं आहे. तरी त्यांच्या ॲपमध्ये मँडेटच्या यादीत जाऊन ते "रद्द" दिसतंय का एकदा बघा. चालू असेल तर पैसे कापण्याच्या आधी 24 तास सूचना येते, आणि तिथून ते स्वतःही बंद करू शकतात, आमच्याकडे विचारायची गरज नाही. उलटी गोष्टही लक्षात असू द्या: फक्त ऑटोपे बंद केलं म्हणजे पॅकेज थांबत नाही. आमच्याकडे परताव्याची तारीख धरली जाते ती "आजपासून थांबतोय, आजचे उरलेले तास कळवा" असा मेसेज आल्याच्या दिवसापासून. नुसतं तासाला येणं बंद केलं, तर राखीव वेळ चालूच राहते आणि तास खर्ची पडत जातात.

तासवार नोंद, तारीख आणि वेळेसकट, व्हॉट्सॲपवर पुन्हा पाठवली आहे. त्यात एखादा तास चुकीचा वाटला तर तारीख सांगा, त्या दिवशीची लॉगिनची वेळ काढून दाखवते. एवढ्यावरही पटलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तिथेही आम्ही हाच कागद देऊ.