140 हा आकडा नेमका कुठल्या चाचणीचा?

«गरोदरपणातल्या शुगर टेस्टच्या आधी तीन दिवस गोड आणि पिठूळ खाणं बंद ठेवा. ग्लुकोजचं पाणी पिऊन झाल्यावर दोन तासांनी एकदाच रक्त द्या, तोवर फिरून या. 140च्या आत आली की शुगर नाही.»

या सल्ल्यातला 140 हा आकडा खोटा नाही, पण तो दुसऱ्या चाचणीचा आहे. पोट रिकामं असो वा भरलेलं, 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन फक्त दोन तासांनी रक्त घ्यायचं, अशी एक पद्धत आहे. तिथे 140 किंवा जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. रात्रभर उपाशी राहून करायच्या तीन नमुन्यांच्या चाचणीचे आकडे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये स्वीकारलेल्या निकषांत उपाशीपोटी 92, तासाने 180 आणि दोन तासांनी 153 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि तिन्हींपैकी एकीने जरी ती गाठली तरी निदान झालं. समजा रिपोर्ट आला 95, 171, 136. शेवटचा आकडा पाहून सुटकेचा नि:श्वास टाकाल, पण पहिल्याच आकड्यावर निदान झालेलं असतं. एकदाच रक्त दिलं असतं, तर ते कुणाला कळलंही नसतं. (उपाशीपोटी 126 किंवा जास्त, नाहीतर दोन तासांनी 200 किंवा जास्त आली, तर मामला नेहमीच्या मधुमेहाचा.)

तीन दिवसांचं पथ्य तर उलटंच काम करतं. पिष्टमय खाणं तोडलं की शरीर साखर हाताळण्यात मंदावतं, मग एकदम 75 ग्रॅम ग्लुकोज आलं की आकडे उगाच चढतात. म्हणून नेहमीसारखं जेवायचं, दिवसाला निदान 150 ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं. त्यानंतर रात्रीचे किमान आठ तास उपास, साधं पाणी चालतं.

वेळ पहिल्या घोटापासून मोजतात. 8:10ला प्यायला सुरुवात करून 8:15ला ग्लास संपवला, तर नमुने 9:10 आणि 10:10ला. शेवटच्या घोटापासून घड्याळ लावलं, तर साखर उतरत असताना प्रत्येक नमुना पाच मिनिटं उशिरा जातो, आणि काठावरचा आकडा तेवढ्यानेही सुटू शकतो. ग्लास मात्र पाच मिनिटांत संपवायलाच हवा.

फिरायला तर मुळीच जाऊ नका. चालताना स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खोटाच कमी येतो. दोन्ही तास बसूनच काढायचे. उलटी झाली तर लपवू नका, चाचणी पुन्हा दुसऱ्या दिवशी करावी लागते.

एक चूक मात्र तुमच्या हातातली नाही. नळीतल्या रक्तपेशी साखर खातच राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. फ्लोराइडची राखाडी झाकणाची नळीसुद्धा पहिला तास-दोन तास हे पुरतं थांबवत नाही. खरी 96 असलेली साखर तासभर टेबलावर पडून राहिली, तर 90 दिसू शकते. म्हणून नळी बर्फात ठेवतात किंवा अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा काढतात. रक्त देताना तुमच्या लॅबमध्ये काय करतात, ते विचारायला हरकत नाही.