ईजीआरला पत्रा टाकण्याआधी फिल्टर उघडा

"ईजीआर म्हणजे इंजिनाला त्याचाच धूर पाजणे. जळलेल्या धुरात जाळण्यासारखं काही उरतच नाही, मग त्यानं प्रदूषण कमी कसं होईल? उलट गाडी काळी ओकते, दम सोडते. पाइपात पत्रा टाका, ॲव्हरेज वाढेल, पीयूसीही पास होईल." – पिकअप आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज

वरुडकडून संत्री आणि हंगामात कापूस वाहणाऱ्या गाड्या माझ्याकडे कामाला येतात. हा मेसेज मोबाइलवर दाखवून "पत्रा टाकून द्या" म्हणणारे या सीझनला बरेच आले. ईजीआर म्हणजे जळलेल्या धुराचा थोडा भाग पाइप आणि व्हॉल्व्हमधून परत इंजिनात देणारी व्यवस्था, आणि पत्रा टाकणं म्हणजे त्या पाइपाची वाट बंद करणं. एकेक मुद्दा घेतो.

धुरात जाळण्यासारखं काही उरत नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. ईजीआरचं काम तेवढ्यावरच चालतं. हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. हे दोघं एरवी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. सिलिंडरमधली ज्वाला दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर गेली, की ऑक्सिजनचे रेणू तुटतात, सुटा ऑक्सिजन अणू नायट्रोजनच्या रेणूला फोडतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. ही साखळी सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९४० च्या दशकात मांडली. तिला तापमान फार लागतं. ज्वाला शंभर अंशांनी उतरली तरी नायट्रिक ऑक्साइड बनण्याचा वेग निम्म्याहून खाली येतो. नायट्रोजनच्या अशा ऑक्साइडांना नॉक्स म्हणतात. म्हणजे नॉक्स डिझेलमधून येत नाही, तो हवेतूनच बनतो. त्याला रोखायचं तर आच कमी करावी लागते.

आच कशी कमी होते, ते हिशेबानं पाहू. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. गाडी अर्ध्या भारावर चालली आहे आणि धुरात अजून १३ टक्के ऑक्सिजन शिल्लक आहे, असं धरा. डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवा ओढतं, म्हणून तो उरतो. आत जाणाऱ्या वायूत ३० टक्के असा धूर मिसळला तर मिश्रणातला ऑक्सिजन २१ वरून साडेअठराच्या आसपास येतो. आता त्याच किलोभर डिझेलला तेवढाच ऑक्सिजन मिळवायला साडेचौदाऐवजी सोळा किलोंहून जास्त वायू ज्वालेत ओढून घ्यावा लागतो. उष्णता मात्र तेवढीच. घरी गंजात एक तांब्या पाणी जास्त घातलं तर त्याच आचेवर ते कमी तापतं, तसंच हे आहे. ज्वालेचं टोक शंभर-दीडशे अंशांनी सहज उतरतं. धुरातली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड नुसत्या हवेपेक्षा थोडी जास्त उष्णता शोषतात, पण डिझेलमध्ये मुख्य काम ऑक्सिजन पातळ होण्याचंच असतं.

म्हणूनच धूर रेडिएटरचं पाणी फिरणाऱ्या कूलरमधून थंड करून परत देतात. गरम धूर तसाच दिला तर आत येणारी हवाच तापते आणि निम्मा फायदा जातो.

काळा धूर आणि काजळी हा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. ऑक्सिजन कमी आणि आच कमी झाली, की काजळीचे कणही पुरते जळत नाहीत. नॉक्स उतरवायला गेलं की काजळी वाढते, काजळी उतरवायला गेलं की नॉक्स वाढतो. डिझेल इंजिनात हे दोन्ही एकमेकांना ओढत असतात. पत्रा टाकल्यावर सायलेन्सरचं तोंड स्वच्छ दिसतं ते याचमुळे. पण नायट्रिक ऑक्साइडला रंग नाही. तो डोळ्याला दिसत नाही. पुढे हवेत त्याचाच नायट्रोजन डायऑक्साइड होतो, आणि उन्हात त्यातून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. तो छातीला लागतो आणि सोयाबीन-गव्हाच्या पानांनाही भाजतो. आपल्याकडच्या पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. तेव्हा पीयूसी पास झाली म्हणजे नॉक्स ठीक, असा अर्थ काढता येत नाही.

दम सोडण्याचा मुद्दा मात्र निदानाचा आहे. पूर्ण भारावर धुरात ऑक्सिजन पाच-सात टक्केच उरतो. तेव्हा तो धूर आत घेतला तर डिझेलला हवाच पुरत नाही. म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ईजीआरची व्हॉल्व्ह बंदच करतो. इंजिन थंड असतानाही ती बंदच असते. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक असेल तर चढावर गाडीचा दम तिच्यामुळे जाण्याचं कारणच नाही. गेला, तर ती उघडी अडकली आहे असं समजा.

या हंगामातली एक गाडी सांगतो. जिनिंगला कापूस टाकणारी पिकअप. मालक म्हणाला, "भाऊ, चढावर वढतच नाई, मांगून नुसता काया धूर. सारेच म्हणतात पत्रा टाक." स्कॅनरवर P0402 आला, म्हणजे जेवढा धूर मागितला त्यापेक्षा जास्त आत येतो आहे. गाडी आयडलवर ठेवून स्कॅनरवरून व्हॉल्व्ह बंद करायला सांगितली. व्हॉल्व्ह बंद झाली की आत येणाऱ्या हवेचा आकडा वर चढायला हवा. तो हललाच नाही. व्हॉल्व्ह खोलून पाहिली, तर आतल्या बैठकीवर काजळीची एक कडक खपली बसून तिला पूर्ण मिटू देत नव्हती.

पण खपली आली कुठून, हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. एअर फिल्टर काढला तर बाहेरची बाजू कापसाच्या तुसानं गादीसारखी दाटलेली. जिनिंगच्या आवारात गाडी रोज उभी राहते, तिथं हवेत रुई उडतच असते. हवा कमी पडली, काजळी वाढली, आणि फिल्टरमागे ओढ वाढल्यानं धूरही जास्त खेचला गेला. व्हॉल्व्ह साफ केली, पाइपातली काजळी खरवडून काढली, फिल्टर नवा घातला. मग तोच हवेचा आकडा व्हॉल्व्ह बंद होताच लगेच वर गेला. चढावर धूर थांबला, गाडी ओढायला लागली.

ॲव्हरेज वाढल्याचे अनुभव बहुतेक इथूनच येतात, असं माझं मत आहे. आधी व्हॉल्व्ह उघडी अडकलेली असते, त्यात डिझेल वाया जातं. मग पत्रा पडतो आणि ॲव्हरेज सुधारतं. ते सुधारणं पत्र्याचं नसून अडकलेली व्हॉल्व्ह बाजूला पडल्याचं असतं. ती साफ केली असती तरी तेवढंच मिळालं असतं. पत्र्यानंतर ईसीयूला वाटतं की मागितलेला धूर येतच नाही, मग P0401 आणि चेक लाइट लागते, आणि काही गाड्या ताकद कमी करून चालायला लागतात. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात युरिया सोडून नॉक्स मारणारी एससीआर यंत्रणा असलेल्या बीएस-६ गाडीत सगळा भार टाकीतल्या युरियावर येतो आणि तो जास्त संपतो.

एकच अडचण खरोखर गंभीर आहे. ईजीआरच्या कूलरला आतून चीर पडली तर रेडिएटरचं पाणी कमी होत राहतं, बाहेर गळती दिसत नाही आणि पांढरा धूर येतो. तिथं साफसफाई कामाची नाही, कूलरच बदलावा लागतो.

त्या पिकअपच्या मालकाला दर आठवड्याला फिल्टर काढून झटकायला सांगितलं आहे. हंगाम संपेपर्यंत रोज संध्याकाळी जिनिंगमधून बाहेर पडताना तो फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडून पाहतो.