आदल्या दिवशीच्या फोनबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

बैठकीच्या आदल्या दिवशी बचत गटातल्या बायांना फोन करून सगळं पुन्हा सांगावं, असं मी लिहिलं होतं आणि सोबत नमुना मेसेज दिला होता. त्यावर एका भाऊंनी लिहिलं:

"ताई, बैठक ठरली म्हणजे ठरली. आदल्या दिवशी पुन्हा वेळ, जागा, कोण येणार, काय आणायचं हे सगळं सांगत बसणं म्हणजे गावातल्या बायांना मूर्ख समजणं. आमच्याकडे शब्दाला किंमत आहे. तुमचा नमुना मेसेज तर शाळेच्या सूचनेसारखा लांबलचक. आणि नेट नसलं तर काय करायचं?"

भाऊ, मेसेज लांब होता हे मान्य. खाली आखूड करून दिला आहे. पण "मूर्ख समजणं" हे तुम्ही ज्या सुरात लिहिलं, तो सूर मला लागला. बचत गटाच्या बायांसोबत मी वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांच्या ठराव वह्या लिहिल्यात, त्यांच्यासोबत बँकेच्या बाकावर बसलेय. त्यांना मूर्ख कोण समजतं आणि कोण नाही, हे तुम्ही मला शिकवू नये.

शब्दाला किंमत आहे म्हणता, तर ऐका. आमच्या भागातल्या एका गटाचं बँक कर्ज ठरलं होतं. गटाच्या बैठकीत अध्यक्ष बोलल्या, "पुढच्या बुधवारी सकाळी बँकेत जायचं." अकराही जणींनी माना हलवल्या. शब्द सगळ्यांनी दिला होता आणि तो कोणी मोडला नाही. तरी काम झालं नाही. "सकाळी" म्हणजे दोघींना आठची एसटी वाटली, बाकीच्यांना दहाची. "बँकेत" म्हणजे तिघी गावाजवळच्या ग्राहक सेवा केंद्रावर जाऊन बसल्या, कारण पैसे काढायला त्या तिथेच जातात. गटाचं खातं मात्र तालुक्याच्या शाखेत. दोघी कापूस वेचायला गेल्या, कारण त्यांना वाटलं अध्यक्ष-सचिव गेल्या की झालं. पैसे काढताना तसं चालतंही. पण कर्जाच्या वेळी सदस्यांचा आपसातला करारनामा असतो, त्यावर सगळ्या सदस्यांच्या सह्या लागतात. आणि गटाचा शिक्का कोषाध्यक्षांच्या कपाटात राहिला, कारण सचिवांना वाटलं तो त्या आणतील.

यात मूर्ख कोण, सांगा ना. प्रत्येकीने आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे अर्थ लावला. वेचणीच्या दिवसांत एक दिवस घरी राहणं म्हणजे रोजी बुडणं, कारण मजुरी किलोवर मिळते. त्या बायांची ती रोजी बुडाली, एसटीचं भाडं गेलं आणि पुढच्या तारखेला पुन्हा तेच. "पुन्हा सांगणं अपमान" असं म्हणणाऱ्याची रोजी बहुतेक बुडत नाही.

म्हणून आदल्या संध्याकाळी, वेचणीवरून बाया घरी आल्या की, एवढं सांगायचं:

"उद्या बुधवार, सकाळी ११ वाजता. तालुक्याची शाखा, बसस्थानकासमोरची. गावाजवळच्या केंद्रावर नाही. अकराही जणींनी यायचं, सह्या सगळ्यांच्या लागतात. प्रत्येकीने मूळ आधारकार्ड आणि दोन फोटो. ठराव वही सचिव आणतील, शिक्का कोषाध्यक्ष. ९ च्या एसटीने निघू. जमत नसेल तर आज रात्रीच सांगा."

यातलं "गावाजवळच्या केंद्रावर नाही" हे वाक्य तुम्हाला जास्तीचं वाटेल. जिथे चूक होण्याची शक्यता असते तिथे काय नाही, हेही सांगावं लागतं. तसंच वस्तूसमोर माणूस हवा. "शिक्का आणा" असं अकरा जणींना सांगितलं की तो कोणीच आणत नाही.

आणि फक्त सांगून थांबायचं नाही. "येतो नं बाई" एवढंच उत्तर आलं तर ते पक्कं समजू नये. "कितीच्या गाडीनं निघतेस? पिशवीत काय काय ठेवलं?" असं विचारायचं. ती स्वतःच्या तोंडाने सांगते तेव्हा घोळ असेल तर तिथेच उघडा पडतो. आधार नवऱ्याजवळ आहे आणि तो परगावी गेलाय, हे रात्री कळलं तर काहीतरी करता येतं. बँकेच्या काउंटरवर कळलं तर काहीच नाही.

बायांना फोन करण्याआधी बँकेतही एक फोन करायचा. कर्ज बघणारे साहेब उद्या शाखेत आहेत की गावभेटीला, हे विचारायचं. तारीख शनिवारची असेल तर कॅलेंडर पाहायचं, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. तारीख ठरवताना हे कोणाच्या लक्षात नसतं.

नेटचं म्हणाल तर मी फोन म्हटलं होतं, तुम्ही वाचलं नाही. जिच्याकडे फोन नाही तिचा निरोप कोण देणार, हे गटातल्या एकीच्या नावाने ठरवायचं. आणि त्या बाईने निरोप दिल्यावर, समोरची काय म्हणाली ते अध्यक्षांना त्याच रात्री येऊन सांगायचं.